दरवाढीचे पत्र, ज्यांनी अजून ऑर्डरच दिलेली नव्हती त्यांना

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझे हळद दळण्याचे छोटे युनिट आहे. मार्केट यार्डातल्या सौद्यातून राजापुरी हळकुंड घ्यायचे, पॉलिश करून दळायचे आणि मसाला उत्पादक, हॉटेलांना माल पुरवणारे व्यापारी व गृहउद्योग यांना पूड द्यायची, असा हा धंदा. यंदा जूनमध्ये दर 215 रुपयांवरून 240 रुपये किलो करण्याची आणि किमान ऑर्डर 25 किलोवरून 100 किलो करण्याची वेळ एकदमच आली. नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोनवर सांगता आले. प्रश्न होता तो नमुना नेलेल्या, कोटेशन घेतलेल्या आणि ‘पुढच्या महिन्यात कळवतो’ म्हणालेल्या पन्नासेक मंडळींचा. त्यांनी आपल्या मालाचा हिशेब माझ्या जुन्या दरावर मांडलेला असणार, म्हणून ऑर्डर द्यायला आल्यावर नवा दर ऐकवण्यापेक्षा आधीच ईमेलने कळवायचे मी ठरवले.

मजकूर लिहिण्यापूर्वी यादीचे तीन भाग केले. ज्यांच्या हाती मुदत न संपलेले लेखी कोटेशन होते, त्यांना त्या मुदतीपर्यंत जुन्या दराने आणि जुन्याच किमान ऑर्डरीने माल द्यायचा, यात घासाघीस नको होती. कोटेशन हा शब्द दिल्यासारखाच असतो. मुदत संपलेल्यांना नवा दर लागू होणार होता, पण त्यांना दिलेला जुना आकडा पत्रात लिहिणे आवश्यक होते, नाहीतर फरक किती हे शोधायला त्यांनाच जुने मेल उपसावे लागले असते. केवळ नमुना नेलेल्यांना तर ‘दरवाढ’ म्हणण्यातही अर्थ नव्हता. त्यांच्यासाठी तो पहिलाच दर होता. एकच मजकूर सर्वांना पाठवला असता, तर कोटेशन हाती असलेल्या माणसाला मी शब्द फिरवतो आहे असे वाटले असते. म्हणून तीन मजकूर केले आणि प्रत्येक मेल स्वतंत्र पाठवला.

कारण लिहिताना सर्वांत जास्त वेळ गेला. पहिल्या मसुद्यात ‘वाढत्या महागाईमुळे नाइलाजाने’ असे हात सवयीने लिहून गेला होता. ते वाक्य काढले, कारण त्यातून वाचणाऱ्याला काहीच तपासता येत नाही. माझी हळकुंडाची सरासरी खरेदी 150 रुपये किलोवरून 170 रुपयांवर गेली होती. निवडताना आणि दळताना सुमारे 5 टक्के घट येते, त्यामुळे कच्च्या मालातली 20 रुपयांची वाढ पुडीवर 21 रुपये होऊन बसते. उरलेले 4 रुपये कामगारांच्या वाढवलेल्या पगाराचे. पगाराचा भागही हळदीच्या बाजारभावावर ढकलून देता आला असता, पण सांगलीचा भाव रोज जाहीर होतो आणि समोरचा मसाल्याच्याच धंद्यातला आहे. 25 रुपयांपैकी 21 रुपयेच जुळतात हे त्याने काढलेच असते.

किमान ऑर्डरीचे कारण वेगळे होते आणि ते दरवाढीत मिसळू द्यायचे नव्हते. वेगळ्या जाडीची पूड मागितली की चक्कीची जाळी बदलावी लागते, हवेतून पूड वेगळी करणारा सायक्लोन आणि गाळणीच्या पिशव्या झाडून घ्याव्या लागतात. सुरुवातीला निघणारी तीनेक किलो पूड बाजूला काढावी लागते, कारण तिच्यात आधीच्या जाळीची पूड मिसळलेली असते. मजुरी, ती बाजूला काढलेली पूड आणि त्या लॉटची प्रयोगशाळेतली तपासणी मिळून साधारण 2,400 रुपये लागतात, मग लॉट केवढाही असो. 25 किलोवर हा भार किलोमागे 96 रुपये पडतो, 100 किलोवर 24 रुपये. म्हणजे छोटी ऑर्डर ही सरळ पदरमोड होती. मात्र हे कारण वेगळ्या दळणालाच लागू होते. नेहमीच्या बारीक जाळीचा माल तयारच असतो. त्याला 100 किलोची अट लावणे, हा स्वतःचा हिशेब मांडल्यावर मलाच पटेना. म्हणून त्यासाठी 25 किलो कायम ठेवले.

मुदत संपलेल्यांना गेलेल्या पत्राचा मुख्य भाग असा होता:

‘विषय: हळद पूड, 1 जुलैपासून 240 रुपये किलो, वेगळ्या दळणासाठी किमान 100 किलो.

सप्रेम नमस्कार. आपल्याला पूर्वी 215 रुपये किलो असे कोटेशन दिले होते व त्याची मुदत संपली आहे. 1 जुलैपासून दर 240 रुपये राहील. जीएसटी 5 टक्के व वाहतूक वेगळी. वाढलेल्या 25 रुपयांपैकी 21 रुपये हळकुंडाच्या खरेदीचे (घटीसह) व 4 रुपये पगारवाढीचे आहेत. आपल्या पसंतीच्या जाडीचे दळण हवे असल्यास किमान ऑर्डर 100 किलो राहील. तयार बारीक पूड पूर्वीप्रमाणे 25 किलोपासून मिळेल. 30 जूनपर्यंत आलेल्या ऑर्डरीस जुना दर लागू राहील, मात्र जुन्या खरेदीचे हळकुंड मर्यादित असल्याने एका ग्राहकास 200 किलोपर्यंतच देता येईल. हा दर परवडत नसल्यास तसे एका ओळीत कळवावे. पुन्हा विचारणा करणार नाही.’

200 किलोच्या वाक्यावर मी बराच अडलो. साठा खरोखरच मर्यादित होता, पण ‘साठा मर्यादित, त्वरा करा’ ही जाहिरातीची भाषा इतकी गुळगुळीत झाली आहे की खरी गोष्टही दडपणासारखी वाचली जाते. शेवटी मर्यादा एका ग्राहकासाठी किती, एवढेच लिहिले आणि घाई सुचवणारा शब्द ठेवला नाही. ‘दर आणखी वाढण्याची शक्यता आहे’ हेही लिहिले नाही. ते मला ठाऊक नव्हते.

उत्तरे आली त्यांत कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याचा प्रश्न नेमका होता: ‘भाव चढला की तुम्ही दर वाढवता, मग उतरला की कमी करणार का?’ पत्रात याचे उत्तर नव्हते. त्यांना लिहिले, की हाती असलेले हळकुंड सप्टेंबरअखेर पुरेल, त्यामुळे तोवर 240 चा दर हलणार नाही, वरही नाही आणि खालीही नाही. पुढच्या खरेदीची सरासरी उतरली, तर घट धरून जेवढा फरक पडेल तेवढा दर ऑक्टोबरपासून कमी होईल, पगाराचे 4 रुपये मात्र राहतील. हाच परिच्छेद मग यादीतल्या सर्वांना पाठवला, कारण एकाला दिलेली हमी दुसऱ्याला न कळणे बरे नव्हे.

कराडच्या एका गृहउद्योगाच्या ताईंचा फोन आला. त्यांना लोणच्यासाठी जाडसर पूड लागते, तीही महिन्याला फक्त 30 किलो. ‘दादा, 240 चं मला काही नाही, पण 100 किलो घेऊन ठेवू कुठे? पावसाळ्यात ओल धरेल.’ त्यांचे म्हणणे रास्त होते. ओळखीचे आणखी दोन गृहउद्योग तीच जाडी घेतील, तर चालेल का, असे त्यांनीच विचारले. माझा खर्च जाळी बदलण्याचा, बिलांच्या संख्येचा नाही, त्यामुळे मी होकार दिला: बिले तिघांची वेगळी, दळण एकाच तारखेला, एकूण वजन 100 किलो, आणि तिघांचेही पैसे दळणाआधी जमा. एकीने आयत्या वेळी माघार घेतली तर उरलेल्या जाडसर पुडीला दुसरे गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून शेवटची अट सोडता येण्याजोगी नव्हती, आणि तेही त्यांना तसेच सांगितले.

काहींनी ‘परवडत नाही’ एवढेच कळवले; त्यांची नावे यादीतून काढली. ज्यांच्याकडून काहीच उत्तर नव्हते त्यांना 24 जूनच्या सुमारास दर आणि तारीख असलेली दोन ओळींची एकच आठवण पाठवली आणि 1 जुलैला कोटेशनच्या नमुन्यात नवा दर, 30 सप्टेंबरची मुदत आणि दोन्ही प्रकारची किमान ऑर्डर भरून ठेवली.