मेथीची जुडी इटालियनमध्ये विकताना: माझा अनुभव

आत्याची एक कथा आहे, काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात आलेली. नवी सून, मुंबईची, सासूने पहिल्यांदाच एकटीला नाशिकच्या गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, बुधवारच्या बाजारात भाजी आणायला पाठवलंय, एवढंच. कथेच्या मधोमध मेथीवाल्या मावशीशी घासाघीस आहे, जेमतेम पान भर, आणि सगळी कथा खरं तर त्या पानावरच उभी आहे. बोलोन्याला माझी एक मैत्रीण आहे, जन्माने तिथलीच, तिच्यासाठी मी ही कथा इटालियनमध्ये करायला घेतली. बाकीची कथा तीन आठवड्यांत झाली, या एका पानाला दोन महिने लागले.

मूळ असं आहे:

«कशी दिली मेथी, मावशी?»
«वीसला जुडी, ताई.»
«वीस? पलीकडे पंधराला देतायत.»
«मंग तिकडंच घ्या की बाई.»
«दहाला द्या.»
«दहाला तर मुळं बी यायची नाहीत!»
«बरं, तीसला दोन.»
«भवानीचा टाइम आहे, पस्तीस द्या.»
«तीस.»
«घे माय, घे. कोथिंबीर टाकते वरून.»

पहिला ड्राफ्ट मी अगदी शुद्ध केला, व्याकरणात एक चूक नाही. ‘क्वांतो कोस्ता उन मात्त्सो दी मेथी?’ म्हणजे मेथीच्या एका जुडीची किंमत किती, मग ‘वेन्ती रूपिए’, वीस रुपये, मग ‘ए त्रोप्पो कारो’, फार महाग आहे. मैत्रिणीला पाठवला आणि म्हटलं मोठ्याने वाचून व्हॉइस नोट पाठव. तिने वाचला आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, ‘पेर्के लीतीगानो?’ या दोघी का भांडतायत? मी हादरले, कारण आपल्याकडे हे पान वाचून कुणालाच भांडण वाटणार नाही, उलट त्या दोघी ओळख करून घेतायत असंच वाटतं. तिच्याकडे भाजीच्या स्टॉलवर भावाची पाटी लावलेली असते, भाजीसाठी सहसा कोणी भाव करत नाही, करतात ते जुन्या सामानाच्या बाजारात, त्यामुळे ‘फार महाग आहे’ असं सरळ वाक्य आलं की तिला तो अपमानच वाटतो. मग तळटीप टाकून घासाघीस समजवायची का, असं वाटलं, पण तळटीप आली की लय गेली. हे पान ऐकूनच कळायला हवं.

म्हणून मी बुधवारी सकाळी गंगेवर गेले, दोन-तीन तास नुसती पिशवी घेऊन फिरत राहिले आणि ऐकत राहिले. एक गोष्ट लगेच कानाला लागली. कोणी ‘मेथी कशी दिली’ म्हणत नव्हतं, जवळपास सगळे ‘कशी दिली मेथी’ म्हणत होते, क्रियापद आधी आणि वस्तू शेवटी, जणू वस्तू दोघींना दिसतेच आहे, तिचं नाव नंतर आठवण म्हणून घेतलं. आणि इटालियन बोलण्यात अगदी हीच सवय आहे! तिकडे वस्तूच्या जागी आधी छोटं सर्वनाम येतं आणि वस्तू स्वल्पविरामानंतर मागून येते. ‘आ क्वांतो ला फा, ला मेथी?’ शब्दशः ‘कितीला करता ती, मेथी?’ बाजारातला माणूस असंच विचारतो. लिहिताना शिकवलं जातं की कर्ता कर्म नीट जागेवर ठेवा, आणि मी तेच करत बसले होते. एवढं एक वाक्य बदललं आणि पुढची सगळी वाक्यं आपोआप ढिली झाली. ‘वीसला जुडी’ला ‘वेन्ती आल मात्त्सो’, आपला ‘ला’ आणि त्यांचा ‘आल’, रुपये हा शब्द दोन्हीकडे गायब. भाव करताना कोण रुपये म्हणतं?

‘मंग तिकडंच घ्या की’ला फार वेळ लागला. आधी मी ‘आल्लोरा कोंप्री ला’ लिहिलं होतं, मग तिकडे विकत घ्या, म्हणजे नुसती सूचना झाली. त्या ‘च’ आणि ‘की’मध्ये जे आहे, जा म्हणते पण जाऊ नको असं डोळ्यांनी सांगते, ते कुठे ठेवायचं? शेवटी क्रियापद दोनदा घेतलं, ‘ए वादा, वादा दा क्वेल्लो!’ जा ना, जा त्याच्याकडे. ‘ताजी ताजी’सारखं ‘फ्रेस्का फ्रेस्का’ त्यांच्याकडेही म्हणतात, तर ही डबल करायची सवय त्यांच्या कानाला परकी नाही, आणि मैत्रिणीने ही ओळ वाचताना पहिल्यांदा हसून वाचली.

मुळांची ओळ मला सगळ्यात आवडते. ‘पेर दिएची नोन ले दो मांको ले रादीची’, दहाला मी मुळंसुद्धा देणार नाही. पुस्तकी शब्द ‘नेम्मेनो’ होता, मी बोलीतला ‘मांको’ घेतला, कारण आपल्या ‘बी’चा खडा दाताखाली यायला हवा. मैत्रीण म्हणाली ‘मांको’ थोडं रोमकडचं वाटतं, बोलोन्यात असं कमी म्हणतील. यावर आमची बरीच चर्चा झाली. मी ठरवलं की एवढा एक शब्द ठेवायचा, पण याच्यापुढे मावशीच्या तोंडात कुठलीही बोलीभाषा घालायची नाही, कारण पूर्ण नेपल्सची किंवा रोमची बोली दिली की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर नेपल्स येतं, गोदाघाट पुसला जातो. म्हणजे ‘मंग’चा आणि ‘तिकडं’चा गावरान वास गेला, तो परत आणता आला नाही, हे मान्य.

हाकांमध्ये तर मी सपशेल चुकले होते. मावशीला मी ‘त्सीआ’ केलं, म्हणजे मावशी किंवा आत्या, शब्दकोशाप्रमाणे बरोबरच. मैत्रिणीने विचारलं की सख्खी मावशी असेल तर ती पैसे का घेतेय. बरोबर आहे, त्यांच्याकडे अनोळखी भाजीवालीला सहसा असं कोणी म्हणत नाही. मग मी ‘मावशी’ हा आपलाच शब्द ठेवला आणि आधीच्या वर्णनात अर्धं वाक्य घातलं, की तिने तिला मावशी म्हणून हाक मारली, जशी सगळ्यांनाच मारतात. तेवढ्यात काम झालं. मेथीचंही तसंच केलं, कारण इटालियन नाव ‘फिएनो ग्रेको’, त्यातला ‘फिएनो’ म्हणजे वाळलेला चारा, आणि सून चारा विकत घेतेय असं वाटायला नको. मेथी मेथीच राहिली, फक्त एकदा ‘कडवट पानं’ एवढं म्हटलं.

‘भवानी’ला मी सुरुवातीला दोन ओळींचं स्पष्टीकरण लिहिलं होतं, ते पूर्ण काढलं. पहिल्या विक्रीसाठी एका शब्दात हा सगळा भाव येईल असं काही मला इटालियनमध्ये सापडलं नाही, पण पहिलं गिऱ्हाईक बिनसलं तर दिवस बिनसतो हे कुठल्याही दुकानदाराला सांगावं लागत नाही. म्हणून मावशी म्हणते, ‘लेइ ए ला प्रीमा स्तामात्तीना, नोन मी फाच्चा कोमिंचारे माले’, सकाळपासून तुम्हीच पहिल्या, माझी सुरुवात वाईट करू नका. पुढे ती नोट कपाळाला लावते हे कथेत आहेच, वाचणारा दोन्ही जोडून घेतो.

आणि आकडे. आपल्या ‘पस्तीस’ आणि ‘तीस’चा शेवट एक आहे, मावशी पस्तीस म्हणते आणि सून त्याच शेपटाला धरून तीस म्हणते, मोठ्याने म्हणून बघा, टप्पा पडल्यासारखं वाटतं. इटालियनमध्ये पस्तीस ‘त्रेंताचिंक्वे’ आणि तीस ‘त्रेंता’, म्हणजे शेवट वेगळे आणि सुरुवात एक. दोन आठवडे मी इथे यमक शोधत होते. मग एका संध्याकाळी स्वयंपाक करताना सुचलं, की सुरुवात एक आहे तर सुनेने मावशीला पूर्ण बोलूच का द्यायचं!

«त्रेंताचिं…»
«त्रेंता.»

मावशीचं पस्तीस अर्ध्यात तोडून सून तीसवर थांबवते. मूळ कथेत ती मध्येच बोलत नाही, इथे मी बदल केला, म्हणून आत्याला फोन करून विचारलं. ती दोन मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, ठेव, ती पोरगी तेव्हा तशीच बोलली असती.

शेवटची ओळ. आतापर्यंत मावशी ‘घ्या’ म्हणत होती, भाव ठरला आणि ‘घे’ म्हणाली, ताईची बाई झाली होती ती आता माय झाली. इटालियनमध्ये आदराने बोलायला ‘लेइ’ आणि जवळीकीने ‘तू’, तोही ‘तू’च म्हणतात, आणि फरक क्रियापदाच्या शेवटच्या स्वरात दिसतो. आदराचं ‘प्रेंदा’, जवळीकीचं ‘प्रेंदी’. म्हणून आधीच्या सगळ्या ओळींत मी आदराची रूपं कटाक्षाने ठेवली, एकही ‘तू’ निसटू दिला नाही, की शेवटचं ‘प्रेंदी’ ऐकू यावं. ‘माय’ला दक्षिणेत फार जवळचं काहीतरी आहे, तिकडे आई लेकराला समजावताना स्वतःचंच नाव लावते, ‘आ मांमा’ म्हणते, पण पुन्हा तेच, बाई थेट नेपल्सची झाली असती. ‘फील्या मीआ’ घेतलं, माझ्या लेकी.

कोथिंबिरीचं मात्र मला वाटलं होतं अवघड जाईल, ते सगळ्यात सोपं निघालं. इटलीत भाजीवाले खरेदीवर थोडं सेलरी, गाजर, पार्सली असं फुकट द्यायचे, अजूनही काही ठिकाणी देतात, त्याला ‘ल्यी ओदोरी’ म्हणतात, शब्दशः वास, म्हणजे स्वयंपाकाला चव आणणारा पाला. मग मावशी म्हणाली, ‘ल्यी ओदोरी चे ली मेत्तो ईओ’, तो पाला मी घालते, माझ्याकडून. आणि पुढच्या ओळीत वर्णनात तिने पिशवीत खुपसलेली कोथिंबीर नावानिशी आली.

नवीन ड्राफ्ट मैत्रिणीने तिच्या आईला वाचून दाखवला, रेकॉर्ड करून पाठवला. मराठी मी वाचलं की अडतीस सेकंद होतात, पहिला इटालियन ड्राफ्ट एक मिनिटाच्या वर गेला होता, हा बेचाळीसला संपला. ‘त्रेंता’नंतर ती स्वतःहूनच जरा थांबते, मी तिथे काही खूण केलेली नव्हती. आणि ‘ओदोरी’ आल्यावर मागून आईचा आवाज येतो, ‘आ, एक्को’, हां, आत्ता कसं.

एक राहिलं. ताईची बाई होते ती जागा. ताई म्हणताना मावशी गोड आहे, ‘तिकडंच घ्या की बाई’ म्हणताना तिने एक पाऊल मागे घेतलंय, आणि इटालियनमध्ये दोन्हीला माझ्याकडे ‘सिन्योरा’च आहे. सध्या पहिला ‘सिन्योरा’ ओळीच्या सुरुवातीला आणि दुसरा ‘ए वादा, वादा दा क्वेल्लो’च्या अगदी शेवटी, स्वल्पविराम देऊन ठेवलाय, शेवटी आला की तो जरा गार लागतो असं मैत्रीण म्हणते. माझं अजून पूर्ण समाधान नाही. पुढच्या बुधवारी परत गंगेवर जाणार आहे, या वेळी फक्त कोण कधी ताई म्हणतंय आणि कधी बाई, तेवढंच ऐकायला.