शस्त्र आधी, रंग नंतर (बहुतेक वेळा)

"निंजा टर्टल्स या चार लढवय्या कासवांमध्ये निळा लिओनार्डो, लाल राफाएल, जांभळा डोनाटेलो, नारिंगी मायकेलअँजेलो. एवढं पाठ असलं की झालं ना? मग फोटो पाठवला की तुम्ही दरवेळी 'शस्त्र दाखवा, पाठ दाखवा' असं का म्हणता?"

कारण तुम्ही पाठवता तो फोटो बहुतेक वेळा केकचा असतो, धुऊन धुऊन विटलेल्या टी-शर्टचा असतो, नाहीतर रस्त्यावर घेतलेल्या प्लास्टिकच्या बाहुल्याचा. त्यातला रंग कुणी ठरवला, कशावर छापला आणि किती ऊन खाल्लं यातलं काहीच मला माहीत नसतं. चार रंगांचं कोष्टक चूक नाही. पण ते एका विशिष्ट आवृत्तीचं आहे आणि तुम्ही ते सगळ्यांना लावता.

केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी काढलेल्या मूळ कॉमिकचा पहिला अंक १९८४ साली आला. आतली पानं काळी-पांढरी होती आणि रंगीत मुखपृष्ठावर चौघांच्याही डोळ्यांवर लाल पट्टी होती. म्हणजे मुळात रंगावरून ओळखायची सोयच नव्हती. चेहरे सारखे, अंगकाठी सारखी. वाचकाला आधार फक्त दोन: संवादात घेतलेलं नाव आणि हातातलं शस्त्र. दोन कताना तलवारी म्हणजे लिओनार्डो, दोन साई म्हणजे राफाएल, लांब काठी म्हणजे डोनाटेलो, साखळीने जोडलेल्या आखूड दांड्यांचा नानचाकू म्हणजे मायकेलअँजेलो. आपल्याला ही पद्धत नवी नाही. विष्णूच्या चोवीस मूर्तींत शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या हातात आहे एवढ्यावरूनच केशव की माधव ते ठरतं. तोंडावरून कुणी ठरवत नाही.

वेगवेगळे रंग आले ते १९८७ ची कार्टून मालिका आणि तिच्या जोडीने बाजारात आलेल्या खेळण्यांसाठी. कारण व्यवहारी होतं. पडद्यावर पळणाऱ्या चौघांमधला कोण बोलतोय ते लहान मुलाला क्षणात कळायला हवं, आणि दुकानात चार वेगळी खेळणी विकायची तर ती लांबूनही वेगळी दिसायला हवीत. म्हणून पट्टी रंगीत झाली, कोपर आणि गुडघ्यांवरचे पट्टे त्याच रंगाचे झाले आणि कमरेच्या बक्कलवर एल, आर, डी, एम ही आद्याक्षरं आली. एका माणसाला तीन-तीन ओळखपत्रं. तरीही त्या मालिकेत रंगाच्या चुका भरपूर आहेत: एखाद्या दृश्यात पट्टी एकाची आणि आवाज दुसऱ्याचा. हे दाखवून कुणी "बघा, गोंधळच आहे सगळा" म्हणालं तर मी म्हणेन, म्हणूनच एका खुणेवर निकाल देऊ नका, दोन जुळू द्या.

आता तुमच्या फोटोंकडे. सगळ्यात जास्त वाद निळ्या-जांभळ्याचा होतो आणि त्याचं कारण छपाईत आहे. चार शाईंच्या छपाईत जांभळा हा निळसर सायन आणि गुलाबी मॅजेंटा मिळून बनतो. उन्हात मॅजेंटा आणि पिवळी शाई आधी उडते, सायन टिकून राहते. खिडकीत लावलेलं पोस्टर काही वर्षांनी निळं दिसू लागतं ते यामुळेच. म्हणजे तुमच्या कपाटावरच्या स्टिकरवरचा डोनाटेलो हळूहळू लिओनार्डो होतो. लाल रंग मॅजेंटा आणि पिवळ्याचा असतो. त्यातला मॅजेंटा थोडा जास्त उडाला की राफाएल मायकेलअँजेलोसारखा दिसू लागतो. त्यामुळे पट्टीकडे एकटीकडे बघू नका. त्याच चित्रातली अशी जागा शोधा जिचा मूळ रंग तुम्हाला पक्का माहीत आहे: पोटावरचं पिवळसर कवच, कमरेचा तपकिरी पट्टा, पांढरे डोळे. कवच फिकट आणि निळसर झालेलं असेल तर पट्टीचा निळाही संशयास्पद आहे. रात्रीच्या दृश्यांनाही हेच लागू: निळ्या प्रकाशात लाल पट्टी काळपट जांभळी दिसते, पण मग कवचही निळसर झालेलं असतं.

शस्त्र म्हटल्यावर लोक हाताकडे बघतात. हात सगळ्यात फसवा. मारामारीत शस्त्रं पडतात, दुसरा उचलतो, कधी गंमत म्हणून अदलाबदल करतात. शस्त्र ठेवायची जागा मात्र बदलत नाही. दोन्ही खांद्यांवरून डोकावणारी मुठींची जोडी किंवा पाठीवर फुलीसारखी बांधलेली रिकामी म्यानं दिसली की तो लिओनार्डो, मग तलवारी कुणाच्याही हातात असोत. पाठीवर तिरकी एकच काठी किंवा तिचा नुसता पट्टा असेल तर डोनाटेलो. दोन्ही खांद्यांवर काहीच नसेल तर उरले दोघे, आणि त्यांच्यासाठी कंबर बघावी लागते. साई त्रिशूळासारखी असते, मुठीपासून फुटलेले दोन बाक तिला असतात, आणि पट्ट्यात खोचली तरी ते बाक दिसतात. नानचाकूच्या दांड्या सरळ, गुळगुळीत असतात आणि मध्ये साखळी लोंबते. चित्र छोटं असेल तर बाक दिसतात की साखळी, एवढंच शोधा. म्हणून मी "पाठ दाखवा" म्हणतो. हौस म्हणून नाही.

हे झालं चित्रांचं. खेळण्यांमध्ये मात्र माझाच नियम मला उलटा करावा लागतो, आणि "आता तुम्हीच बदललात" असं ऐकून घ्यावं लागतं. खेळण्याचं शस्त्र सुटं असतं. ते हरवतं, दुसऱ्याच्या डब्यात जातं, जुन्या बाजारात विकणारा हाताला येईल ते हातात खुपसून देतो. रंग अंगावरच राहतो, त्यामुळे तिथे रंग आधी.

एक नमुना घ्या, असे खूप येतात: नारिंगी पट्टी आणि हातात दोन तलवारी. कोष्टकवाले म्हणतात मायकेलअँजेलो, शस्त्रवाले म्हणतात लिओनार्डो. दोघांनीही थांबावं आणि गुडघे बघावेत. गुडघ्याचे आणि कोपराचे पट्टे नारिंगी असतील तर हा मायकेलअँजेलोच, तलवारी उसन्या. पट्टे निळे असतील तर कुणीतरी फक्त डोक्यावर रंग फासलाय. माणूस खाली गुडघ्यापर्यंत जाण्याचे कष्ट घेत नाही. मग पट्टीच्या कडेला, डोळ्याच्या भोकापाशी भिंगातून बघा, वरच्या थराखाली निळी रेघ दिसते का. आणि पट्टे लाल, पट्टी नारिंगी, तलवारी दोन असं निघालं तर ते नकली खेळणं असण्याची शक्यता जास्त, कारण नकली माल करणारे एकाच साच्यातून चौघे काढतात आणि रंग हाताला येईल तो मारतात. अशा बाहुल्याला नावच नसतं. हे सांगितलं की लोकांना राग येतो. घरातल्या मुलाने त्याला जे नाव दिलंय तेच राहू द्या, पण माझ्याकडून शिक्कामोर्तब मागू नका.

शस्त्र-आधी हा नियमही सर्वकाळ टिकतो असं मी म्हणत नाही. पूर्वी म्हणत असे, जोरात. पण ब्रिटनमध्ये नानचाकू पडद्यावर दाखवण्यावर कात्री लागली आणि पुढे त्या जुन्या मालिकेतच मायकेलअँजेलोच्या हाती आकडा बांधलेली दोरी आली. त्या भागांत शस्त्र शोधत बसलात तर तो सापडणारच नाही; तिथे नारिंगी रंगच कामाचा. २०१८ च्या मालिकेत तर शस्त्रंच नव्याने वाटली. राफाएलकडे साई नाही, टोन्फा म्हणजे बाजूला मूठ असलेल्या दांड्या आहेत. लिओनार्डोकडे सुरुवातीला एकच मोठी तलवार. मायकेलअँजेलोकडे वजन लावलेली साखळी. जुनं कोष्टक घेऊन बसलेला माणूस पहिल्याच भागात हरतो. पण तिथे रंग जुनेच आहेत आणि शिवाय अंगयष्टी मदतीला येते, कारण चौघे चार जातींचे कासव आहेत: राफाएल धिप्पाड आणि काटेरी कवचाचा, डोनाटेलो मऊ कवचाचा म्हणून पाठीवर यांत्रिक कवच चढवलेला, लिओनार्डोच्या चेहऱ्यावर लाल पट्टे. सावलीतही ओळखू येतात. २०१२ च्या मालिकेत शस्त्रं जुनीच होती आणि वर चेहऱ्याच्या खुणा दिल्या होत्या: डोनाटेलो सगळ्यात उंच आणि दातात फट, मायकेलअँजेलोच्या गालांवर ठिपके, राफाएलच्या छातीवरच्या कवचाला विजेच्या आकाराची तड. मास्क उतरवला तरी नाव सांगता यावं, अशी ती रचना.

आणि रंगवाले व शस्त्रवाले दोघांनाही एकदम गप्प करणारं प्रकरण म्हणजे २०२० चं 'द लास्ट रोनिन' हे कॉमिक. चौघांतला एकच उरलाय. डोळ्यांवर काळी पट्टी आणि अंगावर चौघांचीही शस्त्रं. काढणाऱ्यांनी दोन्ही खुणा मुद्दाम पुसल्या आहेत, कारण हा कोण हेच पहिल्या अंकाचं रहस्य आहे. तिथे मुखपृष्ठाचा फोटो पाठवून "हा कोण?" विचारणाऱ्याला मी नियमाने उत्तर देऊ शकत नाही; अंक वाचलेला आहे म्हणून देऊ शकतो. ते ओळखणं नव्हे.

ज्यांच्याकडे शस्त्रंच नाहीत त्यांचं काय, हाही प्रश्न मागोमाग येतोच, आणि उदाहरण नेहमी डोनाल्ड डकच्या भाच्यांचं. दूरदर्शनवर 'डकटेल्स' बघितलेल्यांना ह्युई लाल, ड्युई निळा, लुई हिरवा हे तोंडपाठ आहे. ते १९८७ च्या त्या मालिकेपासून पक्कं झालं. त्याआधीच्या कॉमिक्समध्ये टोप्यांचे रंग पानागणिक बदलतात, आणि तिघांचा चेहरा, उंची सगळं एकच. तिथे जुन्या पानावरच्या एका भाच्याचं नाव विचाराल तर संवादात नाव घेतलंय का ते बघेन. नसेल घेतलं तर उत्तर "तिघांपैकी एक". यावर माझ्याशी वाद घालून उपयोग नाही.

तेव्हा पुढचा फोटो पाठवताना आधी सांगा: चित्र आहे की खेळणं, आणि साधारण कोणत्या सालचं. चित्र असेल तर पूर्ण पाठवा, पट्टीपुरतं कापू नका. खेळणं असेल तर पाठ, कंबर आणि गुडघे दिवसाच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली जांभळा तपकिरी दिसतो. फक्त डोक्याचा, उडालेल्या रंगाचा स्टिकर असेल तर माझं उत्तर "लिओनार्डो किंवा डोनाटेलो" असंच येईल.