आमची वाटचाल: 437 डोकी आणि 360 खुर्च्या

बॅज छापणं आणि नोंदणीची टेबलं सांभाळणं, इथून आम्ही सुरुवात केली. पुढे आयोजकांची बजेटंही मांडून देऊ लागलो. मधली बरी वर्षं सोडून देतो. सांगायचंय ते आमच्या हातून गेलेल्या एका परिषदेबद्दल. जाता जाता ती आम्हालाही बुडवणार होती.

आकडे आजही पाठ आहेत. हॉल, साउंड, वक्त्यांचा प्रवास, छपाई: चार जण येवोत की चारशे, 4,24,000 जाणारच. जेवण, किट, प्रमाणपत्र धरून माणशी 1,400. खुर्च्या 400. आम्ही फी 3,000 सुचवली. दुसऱ्या फर्मने 2,500 सांगितली आणि कमिटी तिकडे वळली. त्यांचा हिशेब दिसायला गोंडस होता: 4,24,000 भागिले 400 म्हणजे 1,060, त्यात 1,400 मिळवले की 2,460. वर माणशी 40 शिल्लक!

अहो, पण यात शेवटची खुर्चीसुद्धा फी भरणाऱ्याचीच धरलीय. वक्ते, कमिटीवाले, मानद पाहुणे असे 40 जण फी न भरता जेवणारच. त्यांचे 56,000 स्थिर खर्चात घाला, झाले 4,80,000. 2,500 मधून 1,400 गेले की एका डेलिगेटमागे 1,100 हाती राहतात, म्हणजे नुसता खर्च निघायला 437 फी भरणारे हवेत. आणि फुकटचे 40 बसल्यावर खुर्च्या उरतात 360. हॉल गच्च भरला तरी तोटा! आमच्या 3,000 मध्ये मागे 1,600 उरत होते, 300 जणांवर भागलं असतं.

फी भरून 310 आले. तूट 1,39,000. नोंदणीचं काम त्याच फर्मकडून आम्ही पोटकंत्राटावर घेतलं होतं, कारण घर चालवायचं होतं. बिल अडकलं ते आमचं. पोरांचे पगार थकले, प्रिंटर विकायला काढला.

तेव्हा एका संघटनेच्या सचिव मॅडमनी पुढचं काम दिलं, तेही निम्मे पैसे आगाऊ देऊन. त्या अजून आमच्याकडेच येतात. बजेट हातात पडलं की लाल पेन आधी स्पॉन्सरच्या ओळीवर जातं: "हे बँकेत आलेत, की नुसतं देतो म्हणालेत?" नुसतं म्हटलेले असतील तर स्थिर खर्चातून ती रक्कम वजा करू देत नाहीत.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. लवकर नोंदणीची सवलत जाहीर करण्याआधी हाच भागाकार पुन्हा करा. निम्म्यांनी 2,600 भरले आणि निम्म्यांनी 3,000, तर सरासरी फी 2,800, मागे उरतात 1,400, आणि 300 चे होतात 343. खुर्च्या मात्र 360 च. कमिटीत सवलतीला टाळ्या पडतात, तेव्हा मी ही उरलेली 17 ची फट दाखवतो. बऱ्याचदा सवलत तिथेच 200 वर येते.