उडवलेली चौकट परत उगवते: गुरुत्वाकर्षणाचा क्विझ, पुढचा हप्ता

गुरुत्वाकर्षणाच्या धड्यावर मी पॉवरपॉइंटमध्ये क्विझ बनवतोय: एका स्लाइडवर गुणांच्या चौकटींचा फळा, गटाने चौकट निवडली की तिचा प्रश्न उघडतो. शनिवारी दहावीच्या वर्गावर त्याची पहिली खरी चाचणी घेतली आणि पंधराव्या मिनिटाला खेळ बोंबलला. ‘तापी’ गटाने ‘सूत्र – २००’ घेतलं, उत्तर बरोबर दिलं, मी घराच्या चिन्हावर क्लिक करून फळ्यावर परतलो, तर २०० ची चौकट जागच्या जागी हजर. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हाई ते परत उनं!” लगेच ‘पांझरा’वाल्यांनी तीच चौकट मागितली. उत्तर नुकतंच कानावर पडलेलं, सोडतात कशाला? उरलेला तास गुणांच्या भांडणात गेला.

फळा मागच्या वेळी दाखवला तोच: ४ रकाने, १०० ते ४००, एकूण १६ चौकटी. पहिल्या क्लिकला चौकट एक्झिट ॲनिमेशनने उडायची आणि तिच्याखालच्या बाणाची लिंक प्रश्नाच्या स्लाइडवर न्यायची. घरी तपासताना मी एकेक प्रश्न उघडून `Esc` दाबत होतो. फळ्यावर परत येऊन बघितलंच नव्हतं. लिंकवरून स्लाइडवर परत आलं की पॉवरपॉइंट तिची ॲनिमेशनं पहिल्यापासून धरतो, म्हणजे उडवलेलं सगळं पुन्हा उगवतं. ॲनिमेशन कितीही बदला, ही खोड जात नाही. मी दोन रात्री बदलून पाहिली.

शेवटी ॲनिमेशनचा नादच सोडला. आता लिंक चौकटीला न देता आतल्या आकड्याला दिली आहे: फक्त ‘२००’ ही अक्षरं निवडायची आणि लिंक द्यायची. मग थीमच्या रंगांत `Followed Hyperlink` चा रंग चौकटीच्या निळ्याशी तंतोतंत जुळवायचा. एकदा क्लिक झालं की आकडा निळ्यात निळा होऊन जातो आणि परत आल्यावरही तसाच राहतो. सोबतची अधोरेखाही त्याच रंगात बुडते. पुढच्या तुकडीसाठी फाइल बंद करून पुन्हा उघडली की सगळे आकडे परत हजर. पहिल्यांदा आकडा विरघळला तेव्हा रात्री साडेअकराला मी एकट्याने टाळी वाजवली.

पण आता क्लिक नेमका आकड्यावरच पडायला हवा. जरा बाजूला पडला की सरळ पुढची स्लाइड, म्हणजे भलताच प्रश्न उघडा. `On Mouse Click` ची खूण काढून माऊस आवरला, पण हातातलं रिमोटचं बटण तरीही पुढे ढकलतंच. म्हणून `Set Up Slide Show` मध्ये `Browsed at a kiosk` निवडलं. आता लिंक आणि ट्रिगर, म्हणजे ठरावीक बटण दाबलं तरच चालणारं ॲनिमेशन, सोडून काहीच हलत नाही. रिमोटही निकामी झाला, त्यामुळे मला माऊसजवळ उभं राहावं लागतं. चालेल. आकडेही मोठे करून चौकटभर केले.

किऑस्कमध्ये साध्या क्लिकची ॲनिमेशनं चालत नाहीत, म्हणून लपवलेली उत्तरं सगळी ट्रिगरवर न्यावी लागली. ‘गणित – ३००’ बघा: भुसावळला तापीच्या पुलावरून हातातून सुटलेला दगड २ सेकंदांत पाण्याला लागला, g १० धरला तर पूल पाण्यापासून किती उंच? प्रश्नाखाली दोन बटणं आहेत. ‘सूत्र’ दाबलं की `s = ½gt²` दिसतं आणि गटाचे १०० गुण कापले जातात. ‘उत्तर’ दाबलं की २० मीटर. बरीच मुलं वर्ग करायचा विसरून १० सांगतात, म्हणून ‘१० का नाही?’ असं तिसरं बटणही टाकलं. `Alt+F10` दाबून प्रत्येक आकाराला आधी नाव द्या, नाहीतर ट्रिगरच्या यादीत ‘Rectangle 14’ आणि ‘Rectangle 17’ मधलं उत्तर कोणतं हे शोधत बसाल.

धड्यातली ‘कारणे लिहा’ मात्र फळ्यावर बसत नाहीत. उत्तर दोन-तीन वाक्यांचं, मग अर्धे गुण द्यायचे का यावरून वाद. त्यांचं मी ‘चूक शोधा’ केलं: “चंद्रावर वस्तूचं वस्तुमान एक षष्ठांश होतं.” चूक एकाच शब्दात सापडते, निकाल लगेच लागतो.

चौकट कॉपी करून आकडा बदलला तरी लिंक जुनीच राहते. माझी ४०० ची चौकट ३०० चा प्रश्न उघडत होती. सोळाही लिंका एकेक दाबून बघा. नेटवरचे टाळ्या-भोंग्यांचे तयार साचे मी घेत नाही. त्यांत मराठी टाकली की जोडाक्षरं चौकटीबाहेर सांडतात आणि दुरुस्त करायला नव्याने बनवण्याइतकाच वेळ जातो.

हे लिहिता लिहिता सुचलं: फळा सोडून गेलंच नाही तर? सगळे प्रश्न फळ्याच्याच स्लाइडवर, ट्रिगरने वर येणारे आणि ट्रिगरनेच जाणारे. स्लाइड बदलणार नाही, म्हणून उडवलेली चौकट उडालेलीच राहील. पण १६ प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकावर एक रचली की दुरुस्तीला हात घालणं कठीण. आधी ‘सूत्र’ रकान्याच्या चारच चौकटींवर करून पाहतो. ‘पांझरा’चे २०० गुण अजून वादात आहेत.