चारशे मुले, आठ शाळा

गेल्या आठवड्यात परीक्षण करून पाठवलेला एक अनुदान प्रस्ताव अजून मनातून जात नाही. वाचनाची नवी पद्धत शाळांमध्ये राबवून मुलांचे आकलन सुधारते का, हे अर्जदारांना तपासायचे होते. प्रश्न महत्त्वाचा होता आणि मांडणीही नेटकी होती. आठ शाळा, प्रत्येकी पन्नास मुले, चार शाळांत नवी पद्धत आणि चारांत नेहमीची, अशी योजना होती; नमुन्याचे गणित मात्र चारशे मुले एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरून केलेले होते.

एकाच शाळेतील मुलांना शिक्षक आणि वातावरण सारखेच लाभत असल्यामुळे त्यांचे गुण परस्परांशी मिळतेजुळते असतात, आणि म्हणून पन्नास मुलांकडून पन्नास मुलांइतकी माहिती मिळत नाही. या साम्याचा आकडा, ०.०५, अर्जदारांच्याच आधीच्या अभ्यासात होता. तो पन्नासातून एक वजा करून येणाऱ्या ४९ ने गुणला आणि त्यात एक मिळवला, की ३.४५ येतात, चारशेला त्याने भागले असता उरतात जेमतेम ११६ मुले. ०.०५ हा आकडा दिसायला लहान असल्यामुळेच तो दुर्लक्षिला जातो.

कार्यपद्धतीच्या निकषावर मी पाचपैकी दोन गुण दिले. सगळे गुण पुन्हा पाहताना लक्षात आले, की चमूच्या क्षमतेलाही मी तीनच दिले होते, आणि त्याला प्रस्तावात काहीही आधार नव्हता. एका चुकीची नाराजी दुसऱ्या रकान्यात झिरपली होती. तिथे मी चार केले. एका दोषाची शिक्षा दोनदा देणे हा अन्याय आहे, आणि परीक्षकांकडून तो फार सहज घडतो.

अभिप्रायात आधी ‘नमुना अपुरा आहे’ एवढेच लिहिले होते. ते खोडले, कारण ते वाचून कोणीही प्रत्येक शाळेतील मुले दुप्पट करील, आणि त्यातून ११६ चे फक्त १३४ होतील. त्याऐवजी संबंधित परिच्छेदाचा उल्लेख करून वरचे गणित मांडले, आणि तीच चारशे मुले सोळा शाळांतून, प्रत्येकी पंचवीस अशी घेतल्यास परिणामकारक संख्या सुमारे १८२ होते, हे दाखवले. शाळा वाढल्या की प्रवासखर्चही वाढेल, तेव्हा अंदाजपत्रक त्याप्रमाणे बदलावे लागेल, हेही नोंदवले.

दुसऱ्या परीक्षकांनी पाचपैकी पाच देऊन ‘उत्तम प्रस्ताव’ असे दोनच शब्द लिहिले होते. अशा अभिप्रायाने अर्जदाराच्या हाती काहीच लागत नाही. बैठकीत मी गणित मांडल्यावर त्यांनी गुण कमी केले, आणि प्रस्ताव निवडीच्या रेषेखाली गेला.

दोष दुरुस्त होण्याजोगा होता. नियम सांगतो की गुण कागदावर जे आहे त्याचे द्यावेत, सुधारून जे होऊ शकेल त्याचे नव्हे, आणि मी तो पाळला. तरीही एका फेरीसाठी थांबावे लागलेले ते अर्जदार माझा अभिप्राय उघडतील, तेव्हा सोळा शाळांचे ते वाक्य त्यांना आधी दिसेल की दोन हा आकडा, याचाच विचार मी करत राहतो.