गव्हाचे दोन लॉट, एकच शेत: हजार दाण्यांच्या वजनावरून बियाण्याचा हिशेब

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की या हंगामात एकाच वाणाचे दोन लॉट शेजारी-शेजारी पेरणार. एक ठसठशीत दाण्याचा, दुसरा बारीक. दोन्हींच्या थैलीवर वाण तोच, आणि शिफारसही तीच: हेक्टरी १०० किलो. माझा आक्षेप या १०० किलोवर आहे. शेतात किलो उगवत नाहीत, रोपं उगवतात. एका किलोत किती दाणे हे ठाऊक नसताना हेक्टरी किलो ठरवणं म्हणजे अर्धाच हिशेब.

सुरुवात वजनापासून. नमुना घेताना थैलीच्या वरचा ओंजळभर गहू उचलून चालत नाही. वाहतुकीत थैली हादरत राहते, तेव्हा बारीक दाणे फटींतून खाली सरकतात आणि टपोरे वर राहतात. म्हणून वरून, मधून, तळातून असा गहू काढला, ढीग केला, त्याचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले, उरलेले परत थैलीत. असं करत करत मूठभर उरेपर्यंत आणला. त्यातून दाणे मोजताना हाताला चांगले दाणेच उचलायची खोड असते, ती आवरावी लागते. समोर येईल तो दाणा घ्यायचा. सुरकुतलेलाही घ्यायचा. तुटलेला अर्ध्यापेक्षा मोठा असेल तर मोजायचा, लहान असेल तर बाजूला टाकायचा. बीज परीक्षणातला नियम हाच आहे.

प्रयोगशाळेत सरसकट हजार दाणे मोजत बसत नाहीत. शंभर-शंभरचे आठ गट वेगवेगळे तोलतात आणि सरासरीला दहाने गुणतात. मीही तेच केलं. ठसठशीत लॉटचे आकडे ग्रॅममध्ये असे आले: ४.२१, ४.०८, ४.३३, ४.१७, ४.२६, ४.१२, ४.३०, ४.१३. सरासरी ४.२०, म्हणजे हजार दाण्यांचं वजन ४२ ग्रॅम. आठ गट वेगळे तोलण्याचा फायदा असा की नमुना नीट मिसळला होता का, हेही त्यातूनच कळतं. गटांमधला चढउतार, म्हणजे प्रमाणित विचलन, सरासरीच्या चार टक्क्यांच्या आत असावा असा गव्हासारख्या बियांसाठी संकेत आहे. माझा दोन टक्क्यांच्या जरा वर आला, तेवढा चालतो. चार ओलांडले असते तर नमुना पुन्हा काढून सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. बारीक लॉटची सरासरी ३.३६ आली, म्हणजे हजारी वजन ३३.६ ग्रॅम.

इथे काट्याबद्दल दोन शब्द. ज्या काट्यावर फक्त पूर्ण ग्रॅम दिसतात त्यावर शंभर दाणे तोलू नका. काटा ४ दाखवेल, पण खरं वजन साडेतीन ते साडेचारमध्ये कुठेही असू शकतं. ही चूक बारा टक्क्यांच्या घरात जाते. अशा काट्यावर पूर्ण हजार दाणे मोजा, मग तोच अर्धा ग्रॅम एक-सव्वा टक्क्यावर येतो. दोन दशांश दाखवणारा छोटा काटा असेल तर शंभराचे गट मजेत जमतात.

दाण्यातल्या ओलाव्याने हजारी वजन बदलतं का, असंही काहींनी विचारलं होतं. फरक पडतो, पण घाबरण्याइतका नाही. १४ टक्के ओलाव्याला ४२ ग्रॅम भरणारे हजार दाणे सुकून १० टक्क्यांवर आले की साधारण ४०.१ ग्रॅम भरतात. दाणे तेवढेच, फक्त पाणी गेलं. म्हणून कापणीनंतर लगेच केलेलं वजन पेरणीच्या वेळी वापरू नये. पेरणीच्या आठवड्यात, ज्या थैलीतून पेरायचं तिच्यातूनच तोलावं.

आता मूळ मुद्दा. हेक्टरी १०० किलो म्हणजे चौरस मीटरला १० ग्रॅम. ठसठशीत लॉटचे १० ग्रॅम म्हणजे २३८ दाणे, बारीक लॉटचे १० ग्रॅम म्हणजे २९८. एकच शिफारस पाळून एका पट्ट्यात दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के जास्त दाणे पडणार. गहू फुटव्यांनी बरंच सांभाळून घेतो हे खरं. विरळ असला तर जास्त फुटतो, दाट असला तर कमी. पण पेरणी लांबली की फुटवे घटतात आणि ही सवलत संपते. दाट पिकाचं दुखणं निराळं: काड्या बारीक राहतात आणि पीक लोळतं.

म्हणून उलट्या बाजूने गेलो. आधी रोपं ठरवली, चौरस मीटरला २००. दोन्ही लॉटची उगवणक्षमता तपासली, दोन्हीकडे ९२ टक्के निघाली. पण ओल्या कागदात उगवलेला प्रत्येक दाणा मातीतून वर येतोच असं नाही. ढेकूळ, पक्षी, बुरशी, जास्त खोली, सगळे आपापला वाटा घेतात. उगवणाऱ्यांतले ८५ टक्के रोप होतील असं धरलं. ०.९२ गुणिले ०.८५ म्हणजे ०.७८२, थोडक्यात शंभर दाण्यांमागे ७८ रोपं. सूत्र एवढंच आहे:

```
हेक्टरी किलो = (चौ. मी. रोपं × हजारी वजन ग्रॅममध्ये) ÷ रोप होण्याची टक्केवारी
```

ग्रॅमचे किलो आणि चौरस मीटरचे हेक्टर करताना येणारे शून्य एकमेकांना खातात, म्हणून सूत्र इतकं सुटसुटीत. ठसठशीत लॉट: २०० गुणिले ४२ भागिले ७८.२ म्हणजे हेक्टरी १०७ किलो. बारीक लॉट: ८६ किलो. दाण्यांची संख्या दोन्हीकडे तीच, चौरस मीटरला सुमारे २५६. टक्केवारी ७८.२ अशीच घालायची, ०.७८२ नव्हे, नाहीतर उत्तर शंभरपट येतं. सुदैवाने ती गफलत उत्तरावरूनच ओळखू येते.

क्षेत्राकडे लोक फारसं बघत नाहीत, आणि हिशेबात भोक पडतं ते तिथे. माझा तुकडा चौकोनी दिसतो पण तिरका आहे. कडा ४१.७, ५७.८, ३८.९ आणि ५८.६ मीटर. समोरासमोरच्या कडांची सरासरी काढून गुणाकार करायची सर्वांना सवय असते. त्या पद्धतीने २३४५ चौरस मीटर येतात. ही पद्धत तिरक्या चौकोनात नेहमी जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. त्यापेक्षा एक कर्ण मोजा आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांतून त्यावर लंब टाका. माझा कर्ण ८० मीटर, लंब २९ आणि २७. दोन्ही लंबांची बेरीज ५६, गुणिले ८०, भागिले २, म्हणजे २२४० चौरस मीटर. शंभरावर चौरस मीटरचा फरक, म्हणजे ठसठशीत लॉटचं किलोभर बियाणं जास्तीचं. आणि मोजायचं ते बांधाच्या आतलं, जिथे खरोखर पेरणार तेवढंच.

अर्ध्या-अर्ध्या तुकड्यावर, म्हणजे ११२० चौरस मीटरवर, ठसठशीत लॉट १२ किलो आणि बारीक लॉट ९.६ किलो. थैलीत काडीकचरा असेल तर आलेल्या किलोंना शुद्धतेच्या टक्केवारीने भागून शंभराने गुणायचं, कारण हजारी वजन आपण निवडलेल्या दाण्यांचं काढलेलं असतं. माझं बियाणं स्वच्छ होतं, ती पायरी सोडली.

यंत्राचा भाग मात्र सोडता येत नाही. पेरणी यंत्र दाणे मोजत नाही आणि तोलतही नाही, ते आकारमान मोजून टाकतं. त्यामुळे लॉट बदलला की मांडणी बदलायला हवी. ओळींमधलं अंतर २० सेंटीमीटर, म्हणजे एका ओळीचे ५० मीटर हे १० चौरस मीटर झाले. तेवढ्या अंतराला चाकाचे जितके फेरे होतात तितके चाक उचलून फिरवले, एका नळीखाली ताडपत्री धरली आणि पडलेलं तोललं. हवे होते ठसठशीत लॉटचे १०७ ग्रॅम आणि बारीक लॉटचे ८६. पहिल्या लॉटला जुळवलेली मांडणी दुसऱ्याला तशीच ठेवून बघितली तर शंभराच्या आसपास पडत होतं. तिथेच कळलं की वेगळं जुळवावं लागणार. ही चाचणी बीजप्रक्रिया झाल्यानंतरच करा. औषध लावलेला दाणा नळीतून वेगळ्या गतीने वाहतो.

पेरणी झाली, उगवण होऊन रोपं नीट दिसायला लागल्यावर मोजणी केली. ओळीचा एक मीटर म्हणजे ०.२ चौरस मीटर, म्हणून २०० रोपांसाठी मीटरला ४० हवीत. जागा डोळ्याने न निवडता ठरलेल्या पावलांवर काठी टाकत गेलो, कारण डोळा भरलेल्या ओळीकडे वळतो. ठसठशीत पट्ट्यात सरासरी ३८ भरली, बारीक पट्ट्यात ३६. चौरस मीटरला १९० आणि १८०.

आता उलटा हिशेब. २५६ दाण्यांतून १९० रोपं म्हणजे ७४ टक्के, १८० म्हणजे ७० टक्के. मी ७८ धरले होते. ठसठशीत लॉटची तूट किरकोळ आहे, जमिनीच्या खात्यात टाकता येते. बारीक लॉटची चार टक्के जास्त तूट मला जास्त विचार करायला लावते. पेरणीची खोली पाचेक सेंटीमीटर होती. बारीक दाण्यात साठवलेलं अन्न कमी, त्यामुळे कोंब वर पोचायला अडतो, हा अंदाज पटण्यासारखा आहे. काही ओळी उकरून पाहिल्या तर मातीखाली वाकडे, पिवळे पडलेले कोंब बारीक पट्ट्यात जास्त सापडले. तरी एक शेत आणि एक हंगाम एवढ्यावरून निकाल देत नाही. दोन्ही पट्ट्यांच्या मातीत फरक असू शकतो.

पुढच्या वेळी बारीक लॉटसाठी ७० टक्के धरणार. २०० गुणिले ३३.६ भागिले ७० म्हणजे हेक्टरी ९६ किलो. छापील १०० च्या इतकं जवळ आलेलं बघून काहीजण म्हणतील की एवढी उठाठेव कशाला. पण त्याच टक्केवारीने ठसठशीत लॉट हेक्टरी १२० वर जातो आणि ७४ टक्क्यांनी ११४ वर. तिथे १०० किलो पेरलं असतं तर चौरस मीटरला १७५ च्या आसपास रोपांवर थांबलो असतो.

पुढची चाचणी खोलीची आहे. बारीक लॉटचेच दोन पट्टे, एक तीन सेंटीमीटरवर आणि एक पाचवर, आणि या वेळी ते आलटून-पालटून टाकणार, म्हणजे मातीचा दोष एकाच पट्ट्याच्या माथी बसणार नाही. फुटवे मोजून झाले की तेही आकडे इथेच टाकतो.