थांबवलं कुठे, ते बघायचं

आज मैत्रिणीच्या रिॲक्शन व्हिडिओचा कच्चा कट पाहत बसले होते. ती गाणं शिकवते, आणि एका गायिकेच्या लाइव्ह गाण्याबद्दल ती त्यात बोलते. पहिली दोन मिनिटं गाणं सलग चालतं आणि ही कोपऱ्यातल्या चौकटीत मान डोलावते, "वा!" म्हणते. मग अंतऱ्याला ती थांबवते. सहा सेकंदांचा तुकडा मागे नेऊन निम्म्या वेगाने लावते आणि दाखवते, की गायिकेने श्वास ओळ संपल्यावर घेतलेला नाही, शब्दाच्या मधेच चोरून घेतला आहे, म्हणून पुढचा वरचा सूर टिकला. मग ती तीच ओळ स्वतः दोन्ही तऱ्हांनी गाते. मूळ व्हिडिओ शंभरदा पाहूनही हे मला कळलं नसतं.

तिची काळजी वेगळीच होती: "दुसऱ्याच्या व्हिडिओतले किती सेकंद परवानगीशिवाय चालतात गं?" असा सेकंदांचा नियमच नाही. अमेरिकेत २०१७ साली हुसेनझादे विरुद्ध क्लाइन खटल्यात मूळ व्हिडिओ ५ मिनिटं २४ सेकंदांचा होता आणि क्लाइन या यूट्यूबर दांपत्याने त्यातला ३ मिनिटं १५ सेकंदांचा भाग वापरला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त! तरी न्यायालयाने तो 'फेअर यूज', म्हणजे परवानगीशिवायही चालणारा वापर ठरवला, कारण त्यांच्या जवळपास चौदा मिनिटांच्या व्हिडिओत तुकड्यातुकड्यावर टीका होती आणि तो पाहून मूळ पाहिल्यासारखं होत नव्हतं. त्याच निकालात न्यायाधीशांनी हेही नोंदवलं, की सगळेच रिॲक्शन व्हिडिओ यात बसत नाहीत. काही तर चारचौघांनी मिळून पाहत बसल्यासारखे असतात.

तिची पहिली दोन मिनिटं नेमकी तशी आहेत.

मी एक गोष्ट करून पाहायला सांगितली. टाइमलाइनवर स्वतःचं बोलणं म्यूट कर आणि नुसते मूळ तुकडे ओळीने चालव. गाणं जवळजवळ पूर्ण ऐकू आलं, तर प्रेक्षकाला मूळ व्हिडिओकडे जायचं कारण उरत नाही. मग उलट कर, मूळ काढ आणि फक्त तुझं बोलणं ऐक. अंतऱ्याचा भाग तसाही उभा राहिला. सुरुवातीला मात्र "वा" आणि "काय आवाज आहे" एवढंच उरलं.

यूट्यूबचा कंटेंट आयडी मात्र यातलं काहीच बघत नाही. तो आवाज जुळवतो, आणि जुळला की कॉपीराइटचा क्लेम येतो, भाष्य कितीही चांगलं असो. त्यावर डिस्प्यूट टाकता येतो, आणि तिथे लिहायला हातात काहीतरी लागतं. 'श्रेय दिलं आहे' एवढ्याने भागत नाही. 'ही ओळ श्वासाची जागा दाखवायला घेतली' हे खरं कारण आहे, आणि अंतऱ्यातल्या प्रत्येक तुकड्यासाठी तिच्याकडे असं कारण आहे.

ती आता सुरुवात कापून थेट त्या श्वासापासून व्हिडिओ उघडणार आहे. ध्रुवपदाचा शेवटचा तुकडा ठेवावा असं तिला फार वाटतं. तिथे काय ऐकायचं ते ती सांगणार असेल, तर जरूर ठेवावा.